तीन घेतले, घेतल्या की घेतली?

फ्रान्सच्या कुठल्याही बाजारात हा संवाद कानी पडतो. टोमॅटो आहेत का, असं गिऱ्हाईक विचारतं. विक्रेता 'वुई, जाँ ने' म्हणजे 'हो, आहेत' असं सांगतो. यातला 'आँ' हा छोटा शब्द टोमॅटोंच्या जागी आला आहे. किती हवेत, या प्रश्नातही 'आँ' येतो आणि 'एक किलो द्या' या उत्तरातही. तो गाळला तर फ्रेंच माणसाला वाक्य अर्धवट वाटतं. मराठीत मात्र 'आहेत', 'किती देऊ?', 'किलोभर द्या' एवढ्यावर काम भागतं. जे आधी बोलून झालंय ते मराठी सरळ गाळते, फ्रेंच त्याची खूण ठेवते. म्हणूनच फ्रेंच शिकणारा मराठी विद्यार्थी हमखास 'आँ' विसरतो.

मराठीत अनुवाद करताना 'आँ' गाळला की झालं, असं यावरून वाटेल. तसं ते नाही. 'जाँ ने आश्ते त्रुआ' हे वाक्य घ्या. अर्थ एवढाच, की मी तीन विकत घेतले. की घेतल्या? की घेतली? फ्रेंच वाक्याला ते सांगायची गरज नसते. इथे 'आँ'ला लिंग नाही, 'त्रुआ'लाही नाही, आणि 'आँ' असताना क्रियापदाचं रूपही सहसा बदलत नाही. मराठी क्रियापद मात्र वस्तूच्या लिंगाप्रमाणे चालतं. शर्ट असतील तर 'घेतले', छत्र्या असतील तर 'घेतल्या', पुस्तकं असतील तर 'घेतली'. त्यामुळे अनुवादकाला मागे जाऊन मूळ नाम शोधावंच लागतं. ते सापडलं तरी फ्रेंच लिंगावर विसंबून चालत नाही. फ्रेंचमध्ये शर्ट स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी!

माणसांच्या बाबतीत पेच आणखी वाढतो. 'मी तीन ओळखतो' असं मराठीत कुणी म्हणत नाही. 'तिघांना ओळखतो' किंवा 'तिघींना ओळखतो' असंच म्हणतात, म्हणजे इथे आकडाच रूप बदलतो. 'माझ्याकडे दोन आहेत' की 'मला दोन आहेत', हेही गाड्यांबद्दल बोलणं चाललंय की भावांबद्दल, यावर ठरतं. फ्रेंचमध्ये दोन्हीकडे वाक्य तेच राहतं.

नवखा अनुवादक 'आँ' वाया जाऊ नये म्हणून 'त्यापैकी' घालतो: 'मी त्यापैकी तीन घेतली.' व्याकरण बिनचूक, पण अर्थ सरकला. 'त्यापैकी' म्हटलं की समोर एक ठरावीक ढीग होता आणि त्यातली उरलेली पुस्तकं तिथेच राहिली, असं वाचकाला वाटतं. मुळात तसा ढीग होता का, हे तपासूनच तो शब्द वापरावा. नसेल तर नुसतं 'तीन घेतली' पुरे. मूळ नाम दोन पानं मागे राहिलं असेल तर 'तीन पुस्तकं घेतली' असं ते पुन्हा लिहिण्यात काही कमीपणा नाही.

दुसरा शब्द 'ई'. शाळकरी व्याख्येत त्याचा अर्थ 'तिथे'. 'जी व्हे' म्हणजे 'मी तिथे जातोय', हे सोपं. पण फ्रेंचमध्ये 'आ' हे शब्दयोगी अव्यय घेणारी कितीतरी क्रियापदं आहेत, आणि त्यांच्यामागे येणारी वस्तूही 'ई'मध्येच मावते. मराठीत प्रत्येक क्रियापदाची मागणी वेगळी. विचार करायचा तर 'त्याचा', विश्वास ठेवायचा तर 'त्यावर', उत्तर द्यायचं तर 'त्याला'. खेळाबद्दल बोलणं असेल तर काहीच नको, 'खेळतो' म्हटलं की झालं. म्हणजे 'ई'चा अर्थ 'ई'कडे पाहून लागत नाही, तो मराठी क्रियापदाकडे पाहून लावावा लागतो.

इथेही एक खड्डा आहे. 'जी पाँस' म्हणजे 'मी त्याचा विचार करतोय'. फ्रेंच वाचकाला ठाऊक असतं, की हा विचार एखाद्या गोष्टीचा आहे. माणसाचा असता तर 'ई' न येता 'आ लुई' किंवा 'आ एल' आलं असतं. मराठीतला 'त्याचा' मात्र एखाद्या पुरुषाचाही असू शकतो, आणि प्रेमकथेत एवढ्याने भलताच घोटाळा होतो. म्हणून जाणता अनुवादक 'त्या गोष्टीचा' असं लिहितो, नाहीतर 'तोच विचार चाललाय' म्हणून मोकळा होतो.

काही वाक्प्रचारांत हे दोन्ही शब्द इतके मुरलेत, की त्यांना वेगळं काढण्यात अर्थ नसतो. 'सा ई ए' म्हणजे 'झालं एकदाचं!' 'व्हाझी' म्हणजे प्रसंगानुसार 'जा', 'चल', 'बोल ना' किंवा मैदानात 'मार!' 'ज माँ व्हे' म्हणत पात्र उठलं की मात्र जरा थांबावं लागतं. घरच्या माणसांचा प्रेमाने निरोप घेताना त्याचं मराठी 'येतो मी' असं होईल. भांडून, दार आपटून निघाला असेल, तर 'चाललो मी'.