ऑफर नाकारायची, पण ओळख टिकवायची

पुण्यातल्या आयटी कंपनीत एखाद्या उमेदवाराला ऑफर लेटर गेलं की भरती झाली, असं बाहेरच्याला वाटतं. रिक्रूटरचा जीव टांगणीला लागतो तो मात्र तिथून पुढे. आपल्याकडे साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. म्हणजे आज 'हो' म्हणालेला माणूस खुर्चीत येऊन बसायला दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढ्या काळात त्याच्या हातात आणखी एखादी ऑफर येऊ शकते. भरतीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. उमेदवारानं नाही म्हटल्याचा राग क्वचितच धरला जातो. राग येतो तो उशिरा म्हटल्याचा, आणि काहीच न म्हणता फोन उचलायचं बंद केल्याचा.

असं का, ते समजायला ऑफरमागे काय काय घडतं ते बघायला हवं. चार राउंड झाले म्हणजे पॅनेलमधल्या तीन-चार माणसांनी आपलं काम बाजूला ठेवून वेळ दिला. मग पगाराचा आकडा ठरला, तो रिक्रूटरनं मॅनेजरकडून आणि फायनान्सकडून मंजूर करून घेतला. कधी ठरल्या बजेटच्या थोडं वर जाण्यासाठी तिला भांडावंही लागलं. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार. तोही चांगलाच असतो. त्याला नकार कळवलेला नसतो, 'फीडबॅक यायचाय, दोन दिवस थांबा' असं सांगून धरून ठेवलेलं असतं. पहिल्याचं नक्की झालं की त्याला नकार जातो. तो हातचा गेला की पोझिशन पुन्हा शून्यापासून. म्हणून तुमचा नकार त्याला नकार जाण्याआधी आला की नंतर, यावर रिक्रूटरचं नुकसान ठरतं. ओळख टिकणार की तुटणार, तेही बरंचसं यावरच.

एक उदाहरण घेऊन बघू. कोथरूडला राहणारी एक सॉफ्टवेअर टेस्टर आहे. खराडीच्या एका कंपनीत तिचे तीन आठवड्यांत चार राउंड झाले: आधी एचआरचा फोन, मग दोन टेक्निकल, मग मॅनेजरशी गप्पा. बुधवारी तिला वर्षाला चौदा लाखांची ऑफर मिळाली आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा असं सांगितलं गेलं. गुरुवारी बावधनच्या दुसऱ्या कंपनीची ऑफर आली. पगार साडेतेरा लाख, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम. कोथरूड ते खराडी म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रात्री घरात बोलणं झालं आणि तिनं बावधन नक्की केलं.

आता तिच्यासमोर शुक्रवार संध्याकाळपर्यंतची मुदत आहे. बहुतेक जण ती पूर्ण वापरतात आणि सहा वाजता एक मेल टाकून मोकळे होतात. वाईट बातमी पुढे ढकलावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण तिनं शुक्रवारी सकाळी अकराला फोन केला, तर रिक्रूटरच्या हाती कामाचा अख्खा दिवस राहतो. त्या दिवसात दुसऱ्या उमेदवाराशी बोलता येतं, मॅनेजरची परवानगी घेता येते. सहाच्या मेलनंतर गोष्ट सोमवारवर जाते आणि शनिवार-रविवारात तो दुसरा कुठेतरी होकार देऊन बसतो.

एक अट मात्र आहे. बावधनचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय खराडीला नाही म्हणू नये. तोंडी ऑफर शेवटच्या क्षणी अडकू शकते. पत्र यायला उशीर होत असेल तर खराडीच्या रिक्रूटरला सरळ सांगावं, 'माझ्याकडे आणखी एक ऑफर येते आहे, मला सोमवारपर्यंत वेळ मिळेल का?' हे ऐकायची तिला सवय असते. ती हो किंवा नाही म्हणेल, पण गाफील राहणार नाही.

मग फोन. आधी फोन आणि लगेच मेल, हाच क्रम बरा. बोलणं असं असावं:

"मॅडम, ऑफरबद्दल बोलायचं होतं, दोन मिनिटं आहेत का? मी ही ऑफर घेत नाहीये. बावधनला एक संधी मिळाली आहे, घराजवळ आहे आणि तीन दिवस घरून काम आहे. पगार तुमचाच जास्त आहे, त्यामुळे प्रश्न पैशाचा नाही. मॅनेजर सरांनी ऑटोमेशनचं जे काम सांगितलं ते मला खरंच आवडलं होतं. तुम्हाला आजच दुसऱ्या कुणाशी बोलता यावं म्हणून लगेच फोन केला."

यात नकार सुरुवातीलाच आहे. पाच मिनिटं कौतुक करून शेवटी 'पण' आला, की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे कारण एकच आहे, खरं आहे आणि पुढे सांगता येण्यासारखं आहे. फोन ठेवल्यावर रिक्रूटरला मॅनेजरकडे जावं लागतं आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, 'का नाही म्हणाली?' कंपनीच्या भरतीच्या सिस्टिममध्येही नकाराचं कारण नोंदवावं लागतं. 'अंतर आणि घरून काम' हे उत्तर दिलं की तिच्यावर बोट येत नाही. 'काही कौटुंबिक कारण आहे' असं गोलमाल सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात लिंक्डइनवर नव्या नोकरीची पोस्ट टाकली, तर ती पोस्ट रिक्रूटरलाही दिसते. नोंदीतला नकार मग साधा नकार राहत नाही. ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही असा माणूस, ही तुमची ओळख होते.

पगार प्रश्न नाही हे आपणहून सांगण्यालाही कारण आहे. नकार ऐकल्यावर रिक्रूटरचा ठरलेला प्रश्न येतो: 'ते किती देतायत? आम्ही बघतो ना!' इथे लोक घसरतात. मनात नसताना 'बघा, पंधरा झाले तर विचार करीन' म्हणतात. ती बिचारी पुन्हा मंजुरीच्या मागे लागते, मॅनेजरचा शब्द खर्ची घालते, पंधरा लाखांचं सुधारित पत्र आणते आणि तेव्हा तिला दुसऱ्यांदा नकार मिळतो. माझ्या मते ओळख तोडण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. जास्त पैशानं खरोखरच मन बदलणार असेल तर ते नकाराच्या आधी बोलावं, आकडा सांगावा, आणि तो मिळाला तर जावं. वाटाघाटी आणि नकार एकाच फोनमध्ये मिसळू नयेत.

फोननंतर अर्ध्या तासात मेल जावा. त्याच्या विषयात पोझिशनचं नाव आणि ऑफर नाकारत असल्याचं स्पष्ट लिहावं, कारण तो मेल रेकॉर्डला जोडला जातो आणि बहुधा मॅनेजरलाही पाठवला जातो. आत चार ओळी पुरेत: ऑफरबद्दल आभार, ती स्वीकारत नसल्याचं एक वाक्य, फोनवर सांगितलेलंच कारण, आणि ज्यांनी मुलाखती घेतल्या त्यांना धन्यवाद पोचवण्याची विनंती. दुसऱ्या कंपनीचं नाव आणि आकडा लिहायची गरज नसते. फोनवर एक कारण आणि मेलमध्ये दुसरं, असं होऊ देऊ नये.

मधे कन्सल्टन्सी असेल तर हिशेब जरा वेगळा होतो. कन्सल्टंटला फी कंपनी देते, आणि सहसा उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच देते. वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा बऱ्याच ठिकाणचा दर आहे. चौदा लाखांवर ही रक्कम एक लाख सोळा हजारांच्या आसपास जाते. तुमच्या नकारानं तिचे ते पैसे बुडतात आणि कंपनीला उत्तरही तिलाच द्यावं लागतं. म्हणून पहिला फोन तिला करावा आणि कंपनीच्या एचआरला आपण कळवायचं की ती कळवणार, हे विचारून घ्यावं. तिच्याकडे अनेक कंपन्यांच्या जागा असतात. तीन दिवस घरून काम असलेली पुढची जागा तिच्याकडे आली, तर जिनं सकाळी अकराला फोन केला होता तिचं नाव तिला आठवेल.

होकार देऊन झाल्यावर मन बदललं तर? तेही होतं. राजीनामा दिल्यावर जुनी कंपनी पगार वाढवून थांबवते, किंवा नोटीस पिरियडमध्ये दुसरी मोठी ऑफर येते. इथे दुसरा उमेदवार केव्हाच गेलेला असतो, त्यामुळे रिक्रूटर चिडणार हे गृहीत धरावं. ऐकून घ्यावं, सफाई देत बसू नये. सही केलेलं पत्र आधी नीट वाचावं. जॉइनिंग बोनस आगाऊ मिळाला असेल किंवा लॅपटॉप घरी आला असेल, तर परत कधी आणि कसा देणार ते त्याच मेलमध्ये लिहावं. रुजू व्हायच्या तारखेला वीस दिवस बाकी असताना केलेला कडू फोनही रुजू व्हायच्या दिवशी बंद लागणाऱ्या फोनपेक्षा कितीतरी बरा. पहिल्याची नोंद 'ऑफर नाकारली' अशी होते, दुसऱ्याची 'आलाच नाही' अशी. त्या कंपनीत पुन्हा अर्ज केला की ती नोंद समोर येते.

शिवाय रिक्रूटर स्वतःही नोकऱ्या बदलतात. आज खराडीत असलेली मॅडम दोन वर्षांनी हिंजवडीत असते. जुन्या कंपनीतली नोंद मागे राहते, पण माणसांची आठवण तिच्याबरोबर जाते. म्हणून फोन ठेवताना लिंक्डइनवर जोडून घेऊ का, असं विचारून घ्यावं. आपल्या ओळखीत त्या जागेला साजेसं कुणी असेल तर त्या व्यक्तीला आधी विचारावं, आणि तिची तयारी असेल तरच नाव द्यावं. न विचारता नंबर देऊन टाकला तर दोघांचीही पंचाईत होते.

पुढे कधी त्याच रिक्रूटरकडे जायची वेळ आली, तर मेसेजमध्ये जुना नकार लपवू नये: 'मागच्या वर्षी टेस्टरच्या पोझिशनसाठी आपलं बोलणं झालं होतं, अंतरामुळे मी ऑफर घेतली नव्हती. आता मी वाघोलीला राहायला आले आहे आणि बदल शोधते आहे.' जे कारण तेव्हा आडवं आलं ते आता उरलेलं नाही, हे त्यातून आपोआप कळतं. आधीचे राउंड फार जुने नसतील आणि पॅनेलचा शेरा चांगला असेल, तर काही ठिकाणी पहिले एक-दोन राउंड वगळून थेट मॅनेजरशी भेट ठरते. ते शक्य आहे का, हे विचारायला हरकत नसते.