सहा रुपयांचा हिशोब

‘महागाईमुळे एक तारखेपासून दुधाचे दर वाढत आहेत, सहकार्य करावे.’ डेअरीच्या काउंटरवर लागणारी ही पाटी खोटी नसते, पण तिच्यातून काहीच कळत नाही. रतिबाच्या गिऱ्हाइकाला पत्र लिहायचं, तर गोठ्यातलाच हिशोब मांडावा.

समजा, एका डेअरीवाल्याच्या गोठ्यात दहा म्हशी आहेत. सात दुभत्या, तीन भाकड. दुभती म्हैस रोज सरासरी आठ लिटर देते, म्हणजे एकूण 56 लिटर. खुराकाचा ढोबळ नियम असा, की म्हशीला दर दोन लिटर दुधामागे एक किलो आणि अंग राखायला वरचा किलोभर द्यावा. म्हणजे दुभतीला पाच किलो. भाकड म्हशी दूध देत नाहीत, पण बहुतेक गाभण असतात, त्यांनाही दोन-दोन किलो लागतो. रोजचा खुराक झाला 41 किलो.

आता सरकी पेंड आणि भरड्याचं पन्नास किलोचं पोतं चारशे रुपयांनी चढलं, तर किलोमागे आठ रुपये वाढले. 41 किलोंचे रोज 328 रुपये. ते 56 लिटरवर वाटले, तर लिटरला जेमतेम सहा रुपये पडतात. पत्रात एवढंच लिहावं: ‘पेंडीमुळे लिटरमागे सहा रुपये खर्च वाढला, म्हणून सहाच रुपये वाढवतो आहे. नफा वाढवलेला नाही.’ भाकड म्हशींचा उल्लेख मात्र गाळू नये. गिऱ्हाइकाला दुभती जनावरंच डोळ्यासमोर असतात, आणि खर्चाचा फरक नेमका तिथेच पडतो.

दर न वाढवण्याच्या वाटाही सांगाव्यात. खुराक तोडला तर दूध घटतं आणि म्हैस खंगते. पाणी घातलं तर लॅक्टोमीटर बोलतो. म्हशीच्या दुधात गाईचं मिसळलं तर तो बहुधा गप्प बसतो, पण पातेल्यावरची साय पातळ पडते. ‘यातलं काही करणार नाही’ हे वाक्य पत्रात हवंच, कारण दरवाढीच्या दिवसांत लोकांना पहिली शंका हीच येते.

जीएसटीचं नाव मात्र घेऊ नये. ताज्या दुधावर तो मुळात नाहीच, आणि एक खोटं कारण सापडलं की बाकीच्या खऱ्या कारणांवरचाही विश्वास उडतो.

पत्र निदान आठवडाभर आधी घरी पोचावं, म्हणजे ज्याला रतीब कमी करायचा आहे त्याला सवड मिळते. शेवटी परतीचं कलमही लिहावं. दिवाळीच्या सुमारास नवा कापूस येऊ लागतो आणि सरकीचे भाव उतरण्याची शक्यता असते. ‘डिसेंबरात हाच हिशोब पुन्हा मांडून कळवीन’ असं लिहून द्यावं. उतरले तर दर उतरवावा, नाही उतरले तर तसंही कळवावं. आणि गिऱ्हाइकांनो, डिसेंबरात हे पत्र आलं नाही, तर तुम्ही विचारा.