वेल्डिंग संपल्यानंतरचा एक तास

दक्षिण कोरियातल्या इचॉन शहरात 29 एप्रिल 2020 रोजी एका गोदामाचं बांधकाम चालू असताना आग लागली आणि 38 कामगार गेले. तळघरात पाइपांचं वेल्डिंग सुरू होतं. ठिणग्या युरेथेन फोमच्या आवरणात शिरल्या, ज्वाळा न दिसता आत धुमसत राहिल्या आणि मग आग भडकली, असं पोलिस तपासात पुढे आलं. आगीवर नजर ठेवायला नेमलेला माणूस त्या वेळी जागेवर नव्हता.

असा माणूस नेमायचा, त्याचं नाव लिहायचं आणि त्याला जागेवर थांबवायचं, यासाठीच हॉट वर्क परमिट असतं. वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग अशा ठिणगी उडवणाऱ्या कामासाठी साइटवर दिला जाणारा हा लेखी परवाना. तो एका ठिकाणासाठी, एका कामासाठी आणि फार तर एका पाळीपुरता असतो.

समजा, तिसऱ्या मजल्यावर पाइपचा सपोर्ट छताला वेल्ड करायचा आहे. ठेकेदाराचा सुपरवायझर फॉर्म भरतो. ‘तिसरा मजला’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या खांबाजवळ, किती उंचीवर, कोणत्या यंत्राने, किती ते किती वाजेपर्यंत, हे सगळं हवं. मग परवाना देणारा अधिकारी त्याच्याबरोबर जागेवर जातो. सही तिथेच व्हायला हवी. ऑफिसच्या टेबलावर झालेली सही ही या सगळ्या पद्धतीतली सर्वांत मोठी फसवणूक आहे, असं मी मानतो.

जागेवर पाहायचं काय? प्रचलित नियम असा की चारी बाजूंना सुमारे 11 मीटरपर्यंत पेट घेणारं काही नको. पण लोक आडवं पाहतात आणि खाली पाहायचं विसरतात. आपल्या उदाहरणात स्लॅबमध्ये पाइपसाठी ठेवलेलं भोक आहे. त्याच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, थर्माकोलच्या शीट रचलेल्या आहेत आणि बाजूला वॉटरप्रूफिंगच्या प्रायमरचे डबे. भोकातून पडलेला वितळलेल्या धातूचा थेंब खाली पोहोचेपर्यंतही थर्माकोल पेटवण्याइतका तापलेला असू शकतो. म्हणून डबे आणि शीट हलवायच्या, भोक न जळणाऱ्या पत्र्याने बंद करायचं. जे हलवता येत नाही त्यावर फायर ब्लँकेट घालायचं. साधी ताडपत्री चालत नाही, ती स्वतःच पेटते. भिंतीला वेल्डिंग असेल तर भिंतीची पलीकडची बाजूही पाहायची, कारण धातूतून उष्णता पलीकडे जाते.

प्रायमर आणि थिनरची वाफ हा वेगळा धोका. ती हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात, तळघरात साचते आणि ठिणगीपर्यंत सरपटत येते. त्यामुळे गॅस डिटेक्टर छातीच्या उंचीवर धरून उपयोग नाही, तो जमिनीलगत फिरवावा लागतो. वाफेची खूण दाखवली तर काम सुरू होत नाही. आधी हवा खेळती करायची, मग पुन्हा मोजायचं. रिकामा दिसणारा डबा निर्धोक समजू नये. तळाशी राहिलेल्या थेंबांची वाफ आत भरलेली असते.

सगळं नीट करून परमिट दिलं, आणि दुपारी खालच्या मजल्यावर दुसऱ्या ठेकेदाराची माणसं प्रायमर मारायला आली, तर? सकाळचं परमिट त्या क्षणी रद्द. परिस्थिती बदलली, की सकाळची सही निकामी होते. फायर वॉचवरच्या माणसाला काम थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे आणि हे वेल्डरलाही आधी सांगितलेलं असलं पाहिजे. या माणसाच्या हाताशी एक्स्टिंग्विशर हवं, आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नये. ‘जरा तो पाइप धर’ म्हणून बोलावलं, की नजर हटली. ठिणग्या खाली पडू शकत असतील तर खालच्या मजल्यावरही एक माणूस हवा.

माझ्या मते फॉर्ममधला सर्वांत मोलाचा रकाना शेवटचा आहे: परमिट बंद केल्याची वेळ. फोम, लाकडाचा भुसा, चिंध्या यांच्या आत निखारा बराच वेळ ज्वाळेशिवाय राहू शकतो. म्हणून काम संपल्यावर किमान एक तास फायर वॉच चालू ठेवावा लागतो, आणि जिथे भिंतीत किंवा छतात पोकळी आहे तिथे त्यानंतरही काही तास फेऱ्या. भिंतीला हात लावून ती गरम लागते का, जळका वास येतो का, पातळ धूर दिसतो का, हे पाहायचं. मगच दोघांच्या सह्या.

साइटवरची जुनी परमिटं चाळली तर खरं-खोटं लगेच कळतं. काम संपल्याची वेळ 5.30 आणि परमिट बंद केल्याचीही 5.30 असेल, तर तो तास कोणी थांबलेलंच नाही. दिवसभराच्या दहा परमिटांवर एकाच वेळची सही असेल, तर जागा कोणी पाहिलेली नाही. यावरचा उपायही वेळापत्रकातच आहे: पाळी सहाला सुटत असेल, तर वेल्डिंग पाचलाच बंद करायचं आणि फायर वॉचचा तास कामाच्या पगारात धरायचा.