‘ईदपर्यंत’ म्हणजे नेमके कोणत्या तारखेपर्यंत?

९ एप्रिल २०२४, मंगळवार. सकाळी घराघरांवर गुढ्या उभारल्या गेल्या होत्या आणि त्याच संध्याकाळी रोजेदार चांद पाहण्यासाठी पश्चिमेकडे नजर लावून होते. तो रमजानचा २९ वा रोजा होता. चांद दिसला असता तर ईद बुधवारी झाली असती. केरळात तो दिसला आणि तिथे बुधवारीच ईद झाली. सौदी अरेबियातही ईद बुधवारीच होती, त्यामुळे आखाती देशांतल्या नातेवाइकांचे ‘ईद मुबारक’ इकडच्या फोनवर आदल्या रात्रीच येऊन थडकले. महाराष्ट्रात मात्र चांद दिसला नाही. ३० रोजे पूर्ण झाले आणि ईद गुरुवारी, ११ एप्रिलला साजरी झाली.

आता अशा वेळी दुकानाबाहेर फलक असतो, ‘रमजान ईदनिमित्त खास सवलत, फक्त ईदपर्यंत!’ समुद्रपूरकडच्या गावातून बुधवारी दुपारी एसटीने हिंगणघाटला उतरलेल्या ग्राहकाने या फलकाचा काय अर्थ घ्यायचा? सवलत काल संपली, आज आहे की उद्या ईदच्या दिवशीही मिळेल? दुकानदाराची नियत साफ असते, वस्तूही चांगली असते. गोंधळ त्या एका ‘पर्यंत’ शब्दात असतो.

दुकानदारांना सरकणाऱ्या सणांची सवय नाही असे नाही. दिवाळीही सरकतेच. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. पण मराठी पंचांगात साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो आणि मागे गेलेली दिवाळी पुन्हा पुढे येते, म्हणून ती ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून जात नाही. हिजरी वर्षात अधिक मास नाही. बारा चांद्रमहिन्यांचे ३५४ किंवा ३५५ दिवस झाले की वर्ष संपले. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत राहतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दुसरा फरक व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. दिवाळीची तिथी पंचांगात आधीच छापलेली असते. क्वचित एखाद्या वर्षी, जसे २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला असा वाद होतो, पण तोही काही आठवडे आधी. ईदची तारीख मात्र आदल्या संध्याकाळी मगरिबनंतर ठरते. छापखान्यातून फलक तीन आठवडे आधी येतो.

कॅलेंडरात ईद छापलेली असते हे खरे, पण ती अंदाजाची तारीख असते. सरकारी सुट्ट्याही बदलतात. २०२३ च्या बकरी ईदला शेअर बाजाराने आधी जाहीर केलेली २८ जूनची सुट्टी २९ जूनला नेली. ईद-ए-मिलादची सुट्टी २०२५ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरात ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला देण्यात आली, कारण गणेश विसर्जन ६ तारखेला होते. वर्ध्यासह बाकी जिल्ह्यांत ती ५ लाच राहिली. मुंबईत तयार झालेली जाहिरात वर्ध्यात जशीच्या तशी लावली तर काय होईल, हे यावरून कळते.

मग फलक कसा लिहावा? समजा, हिंगणघाटच्या एका कापड दुकानाला २०२४ च्या रमजानमध्ये सवलत द्यायची आहे. पहिला रोजा १२ मार्चला झाला, म्हणजे २९ वा रोजा ९ एप्रिलला येणार एवढे त्या दिवसापासून पक्के. चांदरात ९ ची किंवा १० ची, ईद १० ची किंवा ११ ची. तिसरी शक्यता नाही. अनिश्चितता फार मोठी आहे असे वाटते, पण ती फक्त एका दिवसाची आहे, आणि तो दिवस कोणता हेही महिनाभर आधी कळते. म्हणून फलक पहिल्या रोजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छापायला द्यावा. आधी छापला तर सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे दोन्ही अंदाज चुकण्याची भीती असते.

आता शेवटची तारीख. इथे बहुतेकांची चूक होते, कारण ते सवलत आणि वायदा या दोन्हींसाठी एकच तारीख धरतात. सवलत संपवायची असेल तर नंतरची शक्य चांदरात धरावी, म्हणजे १० एप्रिल. चांद ९ लाच दिसला असता तरी कोणाचे नुकसान नव्हते. ईदच्या दिवशीही सवलत उरली असती इतकेच. उलट ९ ही शेवटची तारीख लिहिली आणि चांद १० ला दिसला, तर ऐन चांदरातीला, जेव्हा बांगड्या, अत्तर, शेवया आणि कपडे यांसाठी सगळा बाजार भरलेला असतो, तेव्हा ग्राहकाला ‘सवलत काल संपली’ असे ऐकावे लागते. तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढेल याची खात्री नाही.

शिलाईचा वायदा मात्र उलट मोजावा. ‘ईदच्या आधी शिवून मिळेल’ असे म्हणणाऱ्याने लवकरची शक्य ईद धरली पाहिजे. ईद १० ला होऊ शकत असेल तर कुर्ता-पायजमा ८ च्या संध्याकाळी, फार तर ९ च्या दुपारी हातात पडला पाहिजे, म्हणजे बाही लांब झाली तर दुरुस्तीला वेळ राहतो. मास्टर लोक अर्धा रमजान सरला की नवीन कपडे घेणे बंद करतात ते उगीच नाही. त्यामुळे न शिवलेल्या कापडावरची सवलत ईदपर्यंत चालवून फारसा उपयोगही नाही. तिची शेवटची तारीख वेगळी आणि बरीच अलीकडची असावी.

इतके ठरले की मजकूर सोपा होतो: ‘रमजान ईद सवलत. शनिवार, १६ मार्च २०२४ पासून बुधवार, १० एप्रिल २०२४ रोजी रात्री दुकान बंद होईपर्यंत. चांद कोणत्याही दिवशी दिसला तरी ही तारीख बदलणार नाही. १० तारखेला ईद आली तर दुकान दुपारी ४ नंतर उघडेल.’ यात कवित्व नाही, पण ग्राहकाला विचारायला काही उरत नाही. ‘दोन्ही दिवस धरून’ असे लिहिले तरी चालते. ‘दुकान बंद होईपर्यंत’ जास्त बरे, कारण ‘रात्री १२ पर्यंत’ लिहिले की १२ कोणत्या तारखेचे हा नवा प्रश्न येतो.

वार लिहिण्याचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. फलकाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि पुढच्या वर्षीही फिरत राहतो. रमजान थोडाच सरकतो, त्यामुळे मार्चमधली जुनी जाहिरात पुढच्या मार्चमध्ये खरी वाटते. पण तीच तारीख पुढच्या वर्षी त्याच वारी कधीच येत नाही. ३० मार्च २०२४ ला शनिवार होता, ३० मार्च २०२५ ला रविवार. वार आणि तारीख जुळत नसेल तर फोटो जुना, हे शाळकरी मुलालाही कळते. वर्षाचा आकडा तर हवाच, आणि २०३० मध्ये तोही पुरणार नाही. त्या वर्षी रमजान जानेवारीच्या सुरुवातीला येईल आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा सुरू होईल. नुसते ‘रमजान ऑफर २०३०’ लिहिणाऱ्याला महिना लिहावाच लागेल.

सणाच्या नावातही खाचखळगे आहेत. नुसते ‘ईद’ म्हटले तर रमजान ईद, बकरी ईद की ईद-ए-मिलाद? रमजान ईदनंतर दोन महिने नऊ दिवसांनी बकरी ईद येते. न काढलेला फलक तेव्हा पुन्हा खरा वाटू लागतो. आणि ही अडचण एकट्या ईदची नाही. ‘पाडवा’ म्हणजे गुढीपाडवा आणि दिवाळीचा पाडवाही. वर्ध्यात हिंदी भाषक कुटुंबे बरीच आहेत, त्यांच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. २०२५ मध्ये त्यांचा सावन ११ जुलैला लागला आणि मराठी श्रावण २५ जुलैला. ‘श्रावण सेल’ कोणाच्या श्रावणात?

रमजानपुरती आणखी एक गोष्ट बिगरमुस्लिम दुकानदाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे रात्र आधी आणि दिवस नंतर. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला होता. २७ वी शब, जी मोठ्या इबादतीची रात्र मानली जाते, ती गुरुवारी २७ मार्चच्या रात्री होती, आणि २७ वा रोजा शुक्रवारी २८ मार्चला. ‘२७ रमजानला रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे’ असे लिहिले तर मुस्लिम ग्राहक गुरुवारी रात्री येईल आणि शेजारचा ग्राहक हिशेब करून शुक्रवारी रात्री. इथे हिजरी तारीख लिहूच नये. ‘गुरुवार, २७ मार्चची रात्र’ पुरेसे आहे. फोनमधल्या हिजरी तारखेवरही भिस्त ठेवू नये. ती पुष्कळदा सौदी कॅलेंडरप्रमाणे असते आणि आपल्याकडच्या चांदापेक्षा एक दिवस पुढे धावते.

ज्यांना खास चांदरातीचीच सवलत द्यायची आहे त्यांना तारीख बांधून घेता येत नाही. त्यांनी दोन्ही शक्यता लिहाव्यात आणि निर्णय कोणाचा तेही सांगावे: ‘गावातील मशिदीतून चांदची घोषणा ज्या संध्याकाळी होईल त्या रात्री, म्हणजे ९ किंवा १० एप्रिल.’ टीव्हीवरच्या बातमीवर सोडले तर केरळचा चांद हिंगणघाटात मोजला जाईल.

दोन भाषांत फलक असेल तर उर्दू मजकूर वेगळा तपासावा लागतो. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. मध्ये नुसती आडवी रेघ टाकून ‘१६-१०’ लिहिले की जुळणीत आकडे उलटतात आणि शेवट सुरुवातीच्या जागी जातो. रेघेऐवजी ‘से’ आणि ‘तक’ हे शब्द लिहिले की चूक होत नाही. तोंडी सांगतानाही जपावे. उर्दूतला ‘कल’ मागचा की पुढचा हे क्रियापदावरून ठरते, आणि मराठी माणसाने त्यावर हसू नये, कारण आपला ‘परवा’ तसाच आहे. ‘परवा सवलत संपते’ ठीक. ‘सवलत परवापर्यंत’ ऐकणाऱ्याने काय समजायचे?

राहिला तो खाली बारीक अक्षरात ‘अटी लागू’ लिहिण्याचा प्रकार. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये असावा लागतो. वर मोठ्या मराठीत ‘ईदपर्यंत’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत शेवटची तारीख, हे चालत नाही. तारीख वर, मोठ्या अक्षरात घेतली तर त्या खुलाशाची गरजच पडत नाही.