क्लायंटच्या घरी दुःख झालं तर मेल कसा लिहाल?

रिझ्युमे आणि कव्हरिंग लेटर लिहायला आपण फायनल इयरला शिकतो. पण नोकरीला लागल्यावर क्लायंटच्या घरी कोणी गेल्याचं कळलं, की मेल लिहिताना भले भले अडतात. जास्त लिहिलं तर लगट वाटते, कमी लिहिलं तर कोरडेपणा!

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला तुम्ही फर्नेसचं कंट्रोल पॅनेल बसवून देताय. मालकांशी ओळख सहा महिन्यांची, तीही कामापुरती. शुक्रवारी ट्रायल आहे आणि मंगळवारी कळतं, त्यांच्या आई गेल्या. आधी प्लँट मॅनेजरना फोन करून खात्री करा. आई की सासूबाई, इथे चूक झाली तर सगळंच फसलं. त्याच फोनवर ट्रायलचंही विचारून घ्या. मग नवा मेल उघडा. जुन्या मेलला रिप्लाय केलात तर वर ‘पेमेंट रिमाइंडर’ असा विषय दिसायचा!

विषय : आपल्या मातोश्रींचे निधन

आदरणीय साहेब,
आपल्या मातोश्री गेल्याचे आज समजले. फार वाईट वाटले. साइटवर आलो की त्यांनी पाठवलेल्या डब्यातले आपण आम्हालाही आग्रहाने वाढत होता, त्याची आठवण झाली.
शुक्रवारच्या ट्रायलचे प्लँट मॅनेजरांशी बोलणे झाले आहे. आपण त्याची काळजी करू नये. या मेलला उत्तर द्यायचीही गरज नाही.
आपला,
(नाव)

बस्स, एवढंच. डब्याची आठवण खरी असेल तरच लिहायची. नसेल तर ते वाक्य गाळा, पण न पाहिलेल्या माणसाला ‘प्रेमळ, मनमिळाऊ’ म्हणू नका. कशाने गेल्या, हेही विचारू नका. ‘आत्म्यास सद्गती लाभो’ फ्लेक्सवर असतंच, शिवाय ते समोरच्याच्या श्रद्धेत बसेलच असं नाही.

खरी मेख ट्रायलच्या वाक्यात आहे. ‘ट्रायल कधी घेऊ ते कळवा’ असं लिहिलं तर ऐन दुःखात त्यांच्या डोक्यावर निर्णय टाकला. ‘ट्रायल पुढे ढकलली’ लिहिलं तर त्यांच्या वतीने आपणच ठरवून मोकळे झालो. कदाचित त्यांचं डिस्पॅच त्या फर्नेसवर अडलेलं असेल. म्हणून आधी फोन, मग मेल. तारखा, पैसे, स्पेअर्स यांचं पुढचं सगळं प्लँट मॅनेजरना वेगळ्या मेलने.

मेल एकानेच पाठवावा, शक्यतो ज्याचं त्यांच्याशी नेहमी बोलणं होतं त्याने. सीसीत अख्खी टीम नको. सहीखाली कंपनीच्या नव्या प्रॉडक्टची जाहिरात आपोआप येत असेल तर ती पुसा. आणि हो, अकाउंट्सला सांगून त्यांना जाणारे थकबाकीचे मेल थोडे दिवस थांबवा. नाहीतर सकाळी तुमचं सांत्वन आणि दुपारी त्याच कंपनीचा तगादा!

तेराव्यानंतर ते कामावर आले, की पहिल्या मेलमध्ये पुन्हा सांत्वन नको. ‘घरी सगळे सावरले असतील’ एवढी एक ओळ लिहायची, आणि खाली ट्रायलचा रिपोर्ट.