सेल्फीतल्या चेहऱ्यासाठी चिलखत

मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये फिरताना दिसणारे बहुतेक कॉस्प्ले ओळखीच्या पात्रांचे असतात. स्पायडरमॅन असो की एखाद्या जपानी ॲनिमेतला तलवारबाज, त्याचं चित्र आधीच कोणीतरी काढून ठेवलेलं असतं आणि कारागिराला ते कापडात आणि फोममध्ये उतरवायचं असतं. स्वतःच्या कल्पनेतलं पात्र उभं करायचं ठरवलं की तो आधार जातो. तेव्हा संकल्पनाकाराच्या हातात एकच पक्की गोष्ट उरते, ती म्हणजे ज्याच्या अंगावर हा पोशाख चढणार त्याचा फोटो. तो हल्ली बहुतेक वेळा सेल्फीच असतो.

समजा, ठाण्याच्या एका मुलीनं असा सेल्फी पाठवला आहे. गोल चेहरा, आखूड मान, उतरते खांदे, कानापर्यंतचे कुरळे केस, चष्मा, गव्हाळ वर्ण. तिला रानाची राखण करणारी योद्धी व्हायचं आहे आणि चिलखताची कल्पना तिनं खवल्या मांजरावरून घेतली आहे. कल्पना उत्तम आहे, आणि तिला इतिहासही आहे. खवल्या मांजराच्या खऱ्या खवल्यांचा, सोनेरी मुलामा दिलेला एक भारतीय अंगरखा 1820 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाला भेट म्हणून देण्यात आला होता. तो आजही ब्रिटनच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयाकडे आहे. आपण अर्थातच फोमचे खवले करणार. या गरीब प्राण्याला त्याच्या खवल्यांपायीच आजही मारलं जातं, त्यामुळे या मुलीनं त्यालाच रानाच्या रक्षकाचं रूप द्यावं, हे मला फार आवडतं.

चित्र काढायला बसण्याआधी सेल्फी तपासावा लागतो, कारण तो तीन बाबतींत फसवतो. पहिली बाब अंतराची. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत जे कॅमेऱ्याच्या जवळ असतं ते फुगतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये गणित मांडून दाखवलं की एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. नाक फुगतं तसे मागे असलेले खांदे तुलनेनं लहान दिसतात. अशा फोटोवर खांद्याचं कवच रेखाटलं, तर मोठ्या दिसणाऱ्या डोक्याला तोलून धरण्यासाठी हात नकळत ते वाढवत जातो. कवच अंगावर चढलं की डोकं दोन बुरुजांच्या मधे अडकल्यासारखं दिसतं.

दुसरी बाब डाव्या-उजव्याची. काही फोन सेल्फी आरशातल्यासारखा उलटा साठवतात. चिलखताचा एकच खांदा मोठा ठेवायचा असेल तर ही अदलाबदल महागात पडते. टी-शर्टवर अक्षरं असतील तर ती सरळ वाचता येतात का, एवढं पाहिलं की उलगडा होतो. तिसरी बाब रंगाची. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली गव्हाळ कातडी केशरी दिसते, तर ट्यूबलाइटखाली फिकी पडते.

यावर मला सापडलेला सर्वांत सोपा उपाय म्हणजे कोरा ए-फोर कागद. सेल्फी चेहऱ्याच्या ओळखीपुरता ठेवायचा आणि दुसरा फोटो मागवायचा. तो कोणीतरी पाच फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्यानं, खिडकीच्या उजेडात काढायचा आणि मुलीनं कागद छातीवर सपाट धरायचा. कागद पांढरा दिसेपर्यंत फोटोचा रंग दुरुस्त केला की कातडीचा रंगही बऱ्यापैकी खरा होतो. शिवाय कागदाची रुंदी 210 मिलिमीटर असते हे ठाऊकच आहे. फोटोत ती 350 पिक्सेल भरली, तर एक पिक्सेल म्हणजे 0.6 मिलिमीटर. खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत 620 पिक्सेल भरले, म्हणजे खांदे साधारण 37 सेंटिमीटर रुंद. कागद मात्र अंगाला टेकलेला हवा. तो पुढे धरला तर मोठा दिसतो आणि सगळी मापं कमी निघतात. छातीचा घेर तर समोरून काढलेल्या कोणत्याच फोटोत कळत नाही. छाती, कंबर, दंड आणि उंची टेपनंच मोजून मागवावी लागते. आपल्या मुलीची उंची 160 सेंटिमीटर आहे असं धरू.

मापं मिळाली तरी चिलखताचा आकार ठरवतो तो चेहराच. आखूड मानेच्या माणसाला उंच कॉलरचं चिलखत दिलं की हनुवटी त्यात बुडते. चित्रात ते रुबाबदार दिसतं, प्रत्यक्षात मान वळत नाही. म्हणून इथे गळा पुढून खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराचा ठेवायचा, म्हणजे मान लांब भासते. उतरत्या खांद्यांना आडवी रेघ हवी असते. ती देण्यासाठी खांद्याचं कवच वर न वाढवता बाहेर वाढवायचं, प्रत्येक बाजूला खांद्याच्या हाडापुढे चार-पाच सेंटिमीटर. उजव्या हातात भाला असणार, तेव्हा मोठं कवच डाव्या खांद्यावर आणि उजव्या खांद्यावर खवल्यांच्या दोनच ओळी. खांद्याची कवचं छातीच्या पाटीला चिकटवून टाकायची नाहीत, पट्ट्यानं लोंबती ठेवायची. दोन्ही हात डोक्यावर नेले आणि कवचाची कड जबड्याला लागली, तर पट्टा दोन बोटं लांब करावा लागतो.

आता खवले. छातीची पाटी 36 बाय 40 सेंटिमीटरची धरू. ती पाच मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमची. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या जोडचटया याच जातीच्या असतात, पण इथे जास्त घट्ट फोम हवा. खवले तीन मिलिमीटर फोमचे, पाच सेंटिमीटर रुंद आणि सहा उंच. खालची ओळ आधी, मग तिच्यावर अर्धी चढणारी वरची ओळ, आणि प्रत्येक ओळ अर्ध्या खवल्यानं सरकवलेली. प्रत्येक खवल्याचा निम्मा भाग झाकला जातो, म्हणून पाटीला 96 खवले लागतात. एकसारखे 96 तुकडे कापायला एक पूर्ण संध्याकाळ जाते, हे संकल्पना लिहितानाच सांगून टाकावं. फोम, डिंक, रंग आणि पट्टे धरून ही पाटी अर्ध्या किलोच्या आत बसते. फोमचं मोठेपण या हलकेपणातच आहे. दिवसभर घालून फिरलं तरी खांदे भरून येत नाहीत.

प्रत्येक खवला हीट गननं तापवून एखाद्या चेंडूवर दाबला की त्याला पोट येतं. तापवताना फोमचा मंद पृष्ठभाग किंचित चकाकू लागतो. तिथेच थांबायचं, कारण छिद्रं बंद झाल्याची ती खूण आहे. त्यापुढे फोम आक्रसतो आणि करपतो. खवले चिकटवायला चपलांच्या कारागिरांकडे असतो तसला डिंक लागतो. तो दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्यायचा आणि मगच दाबायचा. खिडक्या उघड्या हव्यात. रंगाआधी लवचीक प्राइमरचा थर द्यावा लागतो. तो नसेल तर रंग फोममध्ये मुरतो आणि पहिल्यांदा वाकल्याबरोबर त्याला भेगा पडतात.

रंगसंगतीत इथे एक सापळा आहे. खऱ्या खवल्या मांजराचा रंग मातकट तपकिरी असतो, आणि गव्हाळ चेहऱ्याखाली तोच रंग दिला तर चेहरा चिलखतात विरघळतो. हे डोळ्यांना पटकन कळत नाही. फोटोवर रंग भरून तो कृष्णधवल करून पाहावा. चेहरा आणि चिलखत एकाच करड्या छटेचे दिसले, तर लांबून माणूस दिसणार नाही, नुसता तपकिरी ठिपका दिसेल. म्हणून खवले भिजलेल्या कातळाइतके गडद करायचे आणि फक्त त्यांच्या कडांवर सुक्या ब्रशनं गवती पिवळा रंग ओढायचा. गळ्याच्या कडेला दोन सेंटिमीटरची जुन्या पितळेची पट्टी. चेहऱ्याखाली उजेड द्यायला तेवढी पुरते. चष्म्याची दांडी काळी असेल तर ती आहे तशीच राहू द्यावी. या मुलीचा चेहरा चष्म्यासकट ओळखीचा आहे, तो काढला तर पात्र तिचं राहत नाही.

कापडाचा निर्णयही गळ्याजवळूनच सुरू होतो. साटिन नको. सभागृहातले दिवे त्यावर पांढरे पट्टे मारतात आणि रानातल्या माणसाच्या अंगावर ते खोटं दिसतं. मखमल सुंदर पडते, पण जड आणि गरम. आपल्याला हवी जाडसर हातमागाची खादी, चौरस मीटरला 200 ग्रॅमच्या आसपास वजनाची, गर्द शेवाळी रंगात रंगवलेली. अर्धवर्तुळाकार केप कापायची, मध्यापासून काठापर्यंत 110 सेंटिमीटर. म्हणजे 112 सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात, सव्वादोन मीटर घेतलं की जोड न देता बसते. वजन भरतं चारशे ग्रॅमच्या खाली. याच मापाची 350 ग्रॅमची मखमल साडेसहाशे ग्रॅमच्या वर जाते. गळ्यासाठी 10 सेंटिमीटर कापून गेल्यावर केप शंभर सेंटिमीटर लांब उरते. 160 सेंटिमीटर उंचीच्या मुलीच्या घोट्याच्या बरीच वर ती संपते. सरकत्या जिन्यात अडकत नाही, मागच्या माणसाच्या पायाखाली येत नाही.

अर्धवर्तुळातलं कापड तिरप्या रेषेत ओघळतं. केप कापल्यावर एक दिवस टांगून ठेवायची, मग काठ सारखा करून दुमडायचा. लगेच शिवलेल्या केपचा काठ दोन्ही बाजूंना खाली लोंबतो आणि तो दोष नंतर लपत नाही. आतल्या बाजूला पुढच्या कडेनं आठ सेंटिमीटरची विटकरी किनार. चालताना केप उडाली की तेवढाच ऊबदार रंग झळकावा. आणि केप गळ्याशी बांधायची नाही. आखूड मानेभोवती कापडाचा चुण्यांचा ढीग जमतो, शिवाय सगळं वजन गळ्यावर येतं. ती खांद्याच्या कवचाखालून जाणाऱ्या, काखेतून फिरवलेल्या पट्ट्यांना मागून अडकवायची.

या सगळ्याचं वर्णन कारागिराला देताना मी विशेषणं टाळते. ‘भव्य चिलखत, गूढ रंग’ यावरून कोणालाच काही शिवता येत नाही. ‘खोल गळ्याची छातीपाटी, 96 गडद करडे खवले, कडा गवती पिवळ्या, डावा खांदा मोठा आणि लोंबता, शेवाळी खादीची घोट्याच्या वर संपणारी केप, आत विटकरी किनार’ असं लिहिलं की दोन वेगवेगळे कारागीर जवळपास एकच पोशाख डोळ्यांसमोर आणतील.

फोम कापण्याआधी हेच सगळं जुन्या वर्तमानपत्राचं करून मुलीच्या अंगावर चिकटपट्टीनं लावायचं आणि पुन्हा पाच फुटांवरून फोटो काढायचा, या वेळी पाठीचाही. सेल्फीत पाठ कधीच नसते, म्हणून चित्रातही ती विसरली जाते. चिलखताची बकलं तिथेच येणार, केप त्यांच्यावर पडणार. तेव्हा ती बकलं एकटीला मागे हात नेऊन लावता येतात का, हे कागदावरच पाहून घ्यावं लागतं. हात पोहोचत नसतील तर बकलं बरगडीच्या बाजूला आणायची आणि त्या जागेवरचे चार खवले सुटे ठेवायचे.