सोमवारी न हरणारा संघ

अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा हंगाम सुरू झाला की प्रत्येक सामन्याआधी सट्टेबाजांसाठी असलं काहीतरी छापून येतं: 'सोमवारी, परक्या मैदानावर, मागचा सामना हरून आलेला असताना हा संघ गेल्या ८ पैकी ८ वेळा स्प्रेड मारून गेला आहे.' तिकडे याला 'ट्रेंड' म्हणतात. गंमत म्हणजे यात खोटं काहीच नसतं. जुने निकाल काढून बघा, ८ पैकी ८ खरंच सापडतात. वाचणाऱ्याला वाटतं, इतक्या वेळा लागोपाठ घडलंय म्हणजे काहीतरी कारण असणारच, आणि हात खिशाकडे जातो.

आधी स्प्रेड म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचा हिशेब त्याच्यावरच उभा आहे. दोन संघांत एक तगडा आणि एक कमजोर असेल तर नुसत्या हारजितीवर कोणी पैसे लावणार नाही. म्हणून बुकी कमजोर संघाला कागदावर आधीच काही गुण बहाल करतो, समजा ६. तगड्या संघावर पैसे लावलेत तर तो ६ पेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवा; ६ पेक्षा कमी गुणांनी जिंकला किंवा हरला तर तुम्ही हरलात. हा आकडा असा बेतलेला असतो की दोन्ही बाजूंना साधारण सारखीच संधी राहावी. त्यामुळे कुठलाही संघ घ्या, स्प्रेडच्या हिशेबात त्याचा प्रत्येक सामना जवळजवळ नाणेफेकच असतो.

नाणं ८ वेळा उडवलं आणि आठही वेळा छापा पडला, असं होण्याची शक्यता २५६ मध्ये १. एकाच संघाचं नाव आधी सांगितलं, एकच वार आधी सांगितला आणि मग पुढचे आठही सामने तसेच गेले, तर दखल घ्यावी असाच हा प्रकार आहे. पण ट्रेंड काढणारा असं करत नाही. तो आधी सगळे निकाल संगणकात भरतो आणि मग शोधायला बसतो.

त्याने किती ठिकाणी शोधलं ते मोजून पाहू. वाराचे पर्याय चार: गुरुवार, रविवार, सोमवार किंवा कुठलाही वार. मैदानाचे तीन: घरचं, परकं किंवा कुठलंही. संघ तगडा मानलेला, कमजोर मानलेला किंवा काहीही, हे आणखी तीन. मागचा सामना जिंकलेला, हरलेला किंवा काहीही, हे परत तीन. चार गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन म्हणजे १०८. एका संघाचे असे १०८ कप्पे झाले, आणि एनएफएलमध्ये संघ ३२. एकूण ३,४५६ कप्पे. अजून आपण पाऊस, थंडी, प्रतिस्पर्ध्याचा गट, डिसेंबर महिना, नवा प्रशिक्षक यांना हातही लावलेला नाही.

आता प्रत्येक कप्प्यातले शेवटचे ८ सामने बघा, त्यासाठी लागेल तितकी वर्षं मागे जा. सगळं निव्वळ नाणेफेकीवर चाललेलं असलं तरी ३,४५६ भागिले २५६, म्हणजे सरासरी साडेतेरा कप्प्यांत ८ पैकी ८ निघणारच. शिवाय ८ पैकी ० हाही ट्रेंडच असतो, कारण मग त्या संघाच्या विरुद्ध पैसे लावायचे. म्हणजे २७ झाले. कप्पे एकमेकांत मिसळलेले असतात, सोमवारचा परक्या मैदानावरचा सामना अनेक कप्प्यांत मोजला जातो. त्यामुळे एखाद्या वर्षी असे ट्रेंड घोळक्याने निघतील तर एखाद्या वर्षी कमी. सरासरी मात्र हलत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. इथे साडेतीन हजार कावळे साडेतीन हजार फांद्यांवर बसवलेले आहेत आणि तुमच्यापुढे फक्त तुटलेल्या फांद्यांची यादी ठेवली आहे. न तुटलेल्या कुठेच छापलेल्या नसतात.

संख्याशास्त्रात या उद्योगाला डेटा ड्रेजिंग म्हणतात, आणि एकाच वेळी ढीगभर तुलना केल्याने जो चकवा तयार होतो त्याला बहुविध तुलनांचा प्रश्न.

आणखी एक बारकी चलाखी असते, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 'गेल्या ८ सामन्यांत' असं म्हटलं असेल तर विचारावं, ८ च का? १० का नाहीत? बहुतेकदा उत्तर असं असतं की मागून नववा सामना तो संघ हरला होता. मालिका जिथे तुटते तिथे मोजणी थांबवली. '२०१६ पासून' असं लिहिलेलं असेल तर २०१५ मध्ये काय झालं ते पाहावं. सलग जमत नसेल तर '१२ पैकी १०' असं म्हणतात. ऐकायला ते जवळजवळ तितकंच भारी वाटतं, पण नाणेफेकीत १२ पैकी १० किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ५२ मध्ये १ आहे. आपल्या ३,४५६ कप्प्यांत असे साठाच्या वर निघतील.

मुंबईतल्या मटक्याचे चार्ट ज्यांनी पाहिलेत त्यांना हे नवं वाटणार नाही. आडव्या ओळीत एक आठवडा आणि उभ्या रकान्यांत वार. रकान्यातून सरळ, तिरकं, उलटं वाचत लाल पेनाने खुणा करायच्या आणि बुधवारची 'लाईन' काढायची. खेळ वेगळा, समुद्र वेगळा, पण जाळं टाकण्याची पद्धत तीच.

अशा एखाद्या नियमाचं पुढे काय होतं, हे पाहायला एक नामी उदाहरण आहे. वॉशिंग्टनच्या संघाचं नाव तेव्हा रेडस्किन्स होतं. २००० साली, अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, एलायस स्पोर्ट्स ब्युरो या आकडेवारीच्या संस्थेतल्या स्टीव्ह हर्ट यांना सोमवारच्या प्रक्षेपणासाठी काही रंजक माहिती हवी होती. शोधता शोधता त्यांना सापडलं ते असं: निवडणुकीआधीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना रेडस्किन्स जिंकले तर सत्तेवरचा पक्ष व्हाइट हाउस राखतो, हरले तर गमावतो. १९४० ते १९९६ या १५ निवडणुकांत हा नियम एकदाही चुकला नव्हता. नाणेफेकीच्या हिशेबात याची शक्यता ३२,७६८ मध्ये १. त्या सोमवारी रेडस्किन्स टेनेसीकडून हरले, आणि सत्तेवरच्या डेमोक्रॅटिक पक्षाने निवडणूकही गमावली. सोळावं यश! नियमाला कीर्ती मिळाली ती तेव्हा.

मग २००४ आलं. ३१ ऑक्टोबरला ग्रीन बे पॅकर्सनी रेडस्किन्सना २८-१४ असं हरवलं, म्हणजे बुश जायला हवे होते. ते राहिले. यावर नियम सोडून द्यायचा की नाही? नाही सोडला, दुरुस्त केला. २००० मध्ये गोर यांना देशभरात जास्त मतं होती पण अध्यक्ष झाले बुश, तेव्हा अशा निवडणुकीनंतर पुढच्या वेळी नियम उलटा वाचायचा, असं कलम जोडलं. झालं, परत एकही चूक नाही! डेटा उपसणाऱ्याची खरी ओळख इथे पटते. निकाल हातात आल्यावर कलमं घालता येत असतील तर कुठलाही नियम कायम बिनचूक ठेवता येतो. २००८ मध्ये मूळ नियम बरोबर आला. २०१२ मध्ये मात्र वॉशिंग्टन हरूनही ओबामा निवडून आले, आणि या वेळी दुरुस्तीही कामी आली नाही. २०१६, २०२०, २०२४ या तिन्ही वेळी संघ जिंकला आणि सत्तेवरचा पक्ष हरला. २००४ पासूनच्या ६ निवडणुकांत मूळ नियम एकदाच खरा ठरला. नाण्याने यापेक्षा बरी कामगिरी केली असती.

मग खरा ट्रेंड ओळखायचा कसा? एक उपाय साध्या भागाकाराचा आहे, आणि तो कार्लो बोनफेरोनी या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. एकच गोष्ट तपासताना २० मध्ये १ इतकी दुर्मीळता पुरे मानत असाल, तर ३,४५६ गोष्टी तपासल्यावर त्या १ च्या जागी तिचा ३,४५६ वा भाग धरायचा. म्हणजे कसोटी होते सुमारे ६९,००० मध्ये १. नाणेफेकीत इतकं दुर्मीळ व्हायला ८ नाही, सलग १७ सामने लागतील. एका संघाच्या वाट्याला सोमवारचे सामने हंगामात एक-दोन, फार तर तीन येतात. त्यातून परकं मैदान आणि मागची हार हे चाळून घेतलं तर १७ सामने जमायला दशकं जातील, आणि तोवर संघात पहिल्या सामन्यातला एकही खेळाडू उरलेला नसेल. बोनफेरोनीची कसोटी फार कडक आहे, कप्पे एकमेकांत मिसळलेले असताना तर जास्तच, हा आक्षेप रास्त आहे. पण ट्रेंडवाल्यांची झेप इतकी तोकडी पडते की कसोटी सैल करूनही फरक पडत नाही.

सोमवारचा प्रत्येक ट्रेंड फुसका असतो असंही नाही. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या रॉजर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी सोमवार रात्रीच्या सामन्यांचे २५ हंगाम तपासले. नामवंत संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन त्यांच्यात होते. त्यांनी प्रश्न शरीराच्या घड्याळाकडून घेतला. माणसाची ताकद आणि चपळाई दुपार उतरल्यावर टिपेला असते आणि रात्र होईल तशी उतरते. सामना पूर्व किनाऱ्याच्या रात्री ९ ला सुरू होत असेल तर पश्चिम किनाऱ्याच्या खेळाडूंच्या शरीरात संध्याकाळचे ६ च वाजलेले असतात, मग सामना कुठेही असो. त्यामुळे पश्चिमेचे संघ पूर्वेच्या संघांना भारी पडायला हवेत. आणि ते पडत होते, स्प्रेड धरूनही. २०१३ मध्ये याच गटाने ४० वर्षांचे सामने घेतले. रात्री ८ नंतरच्या १०६ सामन्यांत पश्चिमेच्या संघांनी जवळपास दोन-तृतीयांश वेळा स्प्रेड मारला. दिवसाच्या सामन्यांत मात्र हा फरक दिसला नाही, आणि कारण खरं असेल तर तो दिसायला नकोच होता.

हे ८ पैकी ८ पेक्षा दिसायला किती फिकं! पण इथे शोधायचं काय ते आधी ठरलं होतं, एका संघाऐवजी अख्ख्या किनाऱ्याचे संघ एकत्र घेतले होते, आणि फरक कुठे दिसू नये हेही तपासलं होतं. माझी शंका एवढीच की ४० वर्षांत पहिली २५ बहुतांश आलीच, तेव्हा दुसरा अभ्यास पूर्णपणे नव्या सामन्यांवरचा म्हणता येत नाही.

पैसे लावणाऱ्याला मात्र याचाही फारसा उपयोग नाही. अमेरिकन बुकी सहसा १०० डॉलर जिंकायला ११० डॉलर लावायला लावतो, म्हणजे बरोबरीत सुटायलाच १०० पैकी ५२.४ वेळा बरोबर यावं लागतं. तुमची पद्धत ५५ टक्के बरोबर येते असं मानू. ती या ५२.४ च्या वर नशिबाने नाही तर खरोखरच आहे, याची बऱ्यापैकी खात्री पटायला सुमारे १,५०० सामने लागतात. रात्रीचे पूर्व-पश्चिम सामने ४० वर्षांत १०६ झाले. आणि ते शोधनिबंध बुकींनीही वाचलेले असणार.